सव्वीस वर्षांची कोरी जागा

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या अंतर्गत परीक्षेतील एका उत्तरपत्रिकेवर मी लाल शाईने शेरा मारला होता : 'संहितेत आधार नाही.' प्रश्न ईडिथ व्हॉर्टनच्या 'द एज ऑफ इनोसन्स' या कादंबरीवर होता. न्यूलंड आर्चरच्या त्यागाचे स्वरूप स्पष्ट करा, अशा नेहमीच्या थाटाचा. त्या विद्यार्थिनीने त्यागाविषयी फारसे लिहिलेच नव्हते. तिने लिहिले होते ते असे, की मेने मागणे मागितले होते. फक्त ते आर्चरकडे मागितले नव्हते, एलनकडे मागितले होते. मी त्या वाक्याखाली रेघ ओढली, शेरा लिहिला आणि गुण कापले. पुढे दुसऱ्या एका वर्गासाठी ती कादंबरी पुन्हा वाचत असताना माझ्या लक्षात आले की आधार होता. मी तो ज्या पानावर शोधत होतो तिथे मात्र नव्हता.

कथानक बहुतेकांना ठाऊक असेल. तरी थोडक्यात सांगतो. काळ 1870 चे दशक, स्थळ न्यूयॉर्कमधील जुन्या घराण्यांचे वर्तुळ. तरुण वकील आर्चर याचे लग्न मे वेलंडशी ठरलेले आहे. मेची चुलत-मावस नात्यातील बहीण, काउंटेस एलन ओलेन्स्का, युरोपातील नवऱ्याला सोडून परत येते आणि आर्चर तिच्या प्रेमात पडतो. तरीही तो मेशी लग्न करतो. लग्नानंतर ओढ वाढतच जाते. तेहतिसाव्या प्रकरणात एलन युरोपला परत निघाली आहे आणि या नव्या जोडप्याच्या घरी तिला निरोपाची मेजवानी दिली जाते. टेबलावर बसल्याबसल्या आर्चरला एकदम उमगते, की इथे जमलेला प्रत्येक जण त्याला एलनचा प्रियकर समजतो आणि हे सगळे गोत मेच्या पाठीशी उभे राहण्यासाठी जमले आहे. पाहुणे गेल्यावर अभ्यासिकेत तो बायकोला सांगू लागतो की मला सगळ्यांतून सुटून दूर कुठेतरी जायचे आहे, हिंदुस्थानात किंवा जपानात. मे म्हणते, डॉक्टर मला जाऊ देणार नाहीत. ती गरोदर आहे. आणि हे तिने एलनला पंधरा दिवसांपूर्वीच सांगितले होते, त्या वेळी तिची स्वतःची खात्री झालेली नसताना.

इथे प्रकरण संपते. चौतिसावे प्रकरण सुरू होते तेव्हा आर्चर त्याच अभ्यासिकेत आपल्या मेजापाशी बसलेला आहे. एवढ्यात तो मेट्रोपॉलिटन म्युझियममधील नव्या दालनांच्या उद्घाटनाहून परतला आहे. 'सव्वीस वर्षांनंतर' असा मथळा व्हॉर्टन देत नाही. आकडा येतो, पण आडवाटेने : ही तीच खोली, जिथे जवळजवळ सव्वीस वर्षांपूर्वी बायकोने त्याला मूल होणार असल्याची बातमी दिली होती. आत्ताच, मागच्या पानावर, आपण जे पाहिले ते दोन ओळींत आठवण होऊन जाते. वाचकाच्या पायाखालची पायरी निसटते ती इथे. कालावकाश मथळ्यातून जाहीर केला असता तर आपण तयारीने पाऊल टाकले असते.

मग त्या खोलीच्या आधाराने मधली वर्षे भराभर सांगितली जातात. थोरला मुलगा डॅलस नाजूक प्रकृतीचा, म्हणून त्याचा बाप्तिस्मा याच खोलीत झाला. मुलगी मेरी हिने आपले लग्न ठरल्याचे इथेच सांगितले. आर्चर एक वर्ष राज्याच्या विधिमंडळात होता, पुन्हा निवडून आला नाही. धाकट्या बिलच्या आजारपणात त्याची शुश्रूषा करताना मेला न्यूमोनिया झाला; बिल वाचला, ती गेली. आर्चरने तिचा मनापासून शोक केला. आता तो सत्तावन्न वर्षांचा आहे. मार्टिन स्कॉर्सेसीने 1993 च्या चित्रपटात हा भाग कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवला आहे. तो सुंदर आहे, पण त्यामुळे जागा भरल्यासारखी वाटते. कादंबरीत तसे वाटत नाही. कादंबरीत हा सारांश ऐकताना सतत जाणवते की आपल्याला घटना मिळाल्या, पण या दोघांमध्ये काय होते ते मिळाले नाही.

मेविषयी या सारांशात जे काही आहे ते आर्चरच्या नजरेतून आहे. ती उदार, निष्ठावान, न थकणारी. पण कल्पनाशक्तीचा पूर्ण अभाव असलेली. जग बदलले हे तिला कळलेच नाही. मुलेही आपली मते तिच्यापासून लपवीत, जशी आर्चर स्वतः लपवीत असे. मी कितीतरी वर्षे वर्गात मेचे वर्णन याच शब्दांत करीत आलो होतो. तो आर्चरचा अभिप्राय आहे, कादंबरीचा नव्हे, हे मी इतर पात्रांच्या बाबतीत विद्यार्थ्यांना आवर्जून बजावत असे. कथनमीमांसेच्या तासाला दृष्टिकोन आणि निवेदक यांतील भेद फळ्यावर लिहायचा, आणि त्याच आठवड्यात पात्राचे मत निवेदकाच्या खात्यावर जमा करायचे, ही आम्हा शिक्षकांची जुनी खोड आहे.

यानंतर डॅलस बापाला घेऊन पॅरिसला जातो. तिथे एलन राहते. नवऱ्याकडे ती कधीच परतली नाही आणि तो गेल्यालाही आता बरीच वर्षे झाली. डॅलस सहज, नव्या पिढीच्या मोकळेपणाने, बापाला सांगतो की तिची गोष्ट मला माहीत आहे. आईने मरणाच्या आदल्या दिवशी मला एकट्याला बोलावून सांगितले, की तुम्ही मुले बाबांजवळ सुरक्षित आहात आणि नेहमीच असाल, कारण एकदा मी मागितले तेव्हा त्यांनी स्वतःला सर्वांत हवी असलेली गोष्ट सोडून दिली. आर्चर बराच वेळ गप्प राहतो. मग हळू आवाजात म्हणतो की तिने माझ्याकडे कधीच मागितले नाही.

माझ्या विद्यार्थिनीचे वाक्य याच जागेविषयी होते.

वगळलेल्या काळाविषयी बोलताना आपण जेरार जेनेतचे नाव घेतो. कथनातील लोप स्पष्ट असतो, गर्भित असतो किंवा केवळ अनुमानाने कळणारा असतो, हे त्याचे 1972 मधील वर्गीकरण विद्यार्थ्यांना पाठ असते. वोल्फगांग इझरच्या रिक्त जागाही असतात. ही साधने उपयोगी आहेत, पण मला इथे आपल्याकडचा एक जुना वाद अधिक कामाचा वाटतो. कोणी नुसते 'द्वारम्' म्हणाले तर ऐकणाऱ्याला पुरा अर्थ कसा कळतो, असा प्रश्न मीमांसकांनी घेतला होता. भाट्टांच्या मते ऐकणारा 'पिधेहि', म्हणजे 'लाव', हा शब्दच मनात आणून बसवतो. प्राभाकरांच्या मते शब्दाची गरज नाही, अर्थ आणला की पुरे. दोघांनाही मान्य असलेली गोष्ट अशी, की हा अध्याहार ऐकणाऱ्याच्या लहरीवर चालत नाही. 'दार' या शब्दाला क्रियेची आकांक्षा आहे म्हणूनच आपण काहीतरी पुरवतो. काय पुरवायचे ते प्रसंग ठरवतो. पावसाची झड आत येत असेल तर 'लाव', बाहेर कोणी कडी वाजवत असेल तर 'उघड'. दाराचे लाकूड कोणते हे मात्र कोणी पुरवीत नाही, कारण वाक्याला त्याची आकांक्षाच नाही.

कादंबरीच्या कालावकाशालाही हीच कसोटी लावता येते असे मला वाटते. सव्वीस वर्षांत काय झाले असेल, याविषयी वाचक वाटेल ते विचारू शकतो. आर्चर कधी चोरून पॅरिसला गेला का? मेने घरात कधी आदळआपट केली का? एल. सी. नाइट्सने 1933 साली लेडी मॅकबेथला किती मुले होती असे उपहासाने विचारले ते अशाच प्रश्नांना वैतागून. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांना आकांक्षा नाही. त्यांचे उत्तर होय असो वा नाही, कादंबरीतील एकही वाक्य त्यामुळे वेगळे वाचावे लागत नाही. उलट आर्चरच्या 'मागितले नाही' या शब्दांनी दोन विधाने समोरासमोर उभी राहतात : मे म्हणते मी मागितले, तो म्हणतो नाही. दोन्ही खरी मानायची असतील तर मध्ये काहीतरी पुरवावेच लागते. आणि एकदा ते पुरवले की मागची पाने बदलतात.

ती कशी बदलतात ते पाहण्यासाठी एकतिसाव्या प्रकरणापर्यंत मागे जावे लागते. एके दिवशी मे आजीच्या घरून उशिरा परत येते. चेहऱ्यावर काही वेगळीच चमक आहे. एलन तिथे होती, आमचे खूप वेळ छान बोलणे झाले, असे ती सांगते. मी तिला नीट न्याय दिला नव्हता, अशा अर्थाचेही काही बोलते. काय बोलणे झाले ते सांगत नाही, आणि आर्चरही विचारीत नाही. आज तू माझा मुका घेतला नाहीस, असे ती म्हणते आणि त्याच्या मिठीत थरथरते. पहिल्या वाचनात हा एका भोळ्या बायकोचा हळवा क्षण वाटतो. आर्चरलाही तसेच वाटत असावे. बत्तिसाव्या प्रकरणात एलन युरोपला परत जाणार असल्याची बातमीही मेच्याच हातून येते, एलनच्या चिठ्ठीच्या रूपात. तेहतिसाव्यात कळते की त्या लांबलेल्या बोलण्यात गरोदरपणाची बातमी होती, आणि ती त्या वेळी खरी की खोटी हे मेला ठाऊक नव्हते. आर्चर तारखांतील विसंगती दाखवतो तेव्हा तिचा चेहरा लाल होतो, पण ती नजर खाली घालत नाही.

म्हणजे कादंबरीत लोप एक नाही, दोन आहेत. दुसरा सव्वीस वर्षांचा, सगळ्यांना दिसणारा. पहिला एका दुपारचा. कथानकाचे सगळे भवितव्य ठरवणारा प्रसंग, दोन बहिणींचे बोलणे, व्हॉर्टनने दाखवलेलाच नाही. तो दाखवता येण्यासारखाही नव्हता, कारण निवेदन आर्चरला सोडून कुठे जात नाही आणि आर्चर तिथे नव्हता. धाकट्या लोपाची किल्ली थोरल्याला लागते. त्या दुपारी मेने एलनकडे नवरा मागितला. तोंडाने मागितला नाही. एक बातमी सांगितली आणि एलनने आपणहून काय ते ओळखले. तिच्या हिशेबी ते मागणेच होते, आणि आर्चर घरात राहिला म्हणजे ते मान्य झाले. आर्चरच्या हिशेबी त्याच्याकडे कोणी काही मागितलेच नाही. एलन निघून गेली आणि मूल येणार होते, एवढेच. दोन्ही विधाने खरी आहेत. 'मागितले, पण एलनकडे' हे त्या मुलीचे वाक्य नेमके हेच सांगत होते. मी आधार चौतिसाव्या प्रकरणात शोधत होतो. तिने तो एकतिसाव्यात पाहिला होता.

मराठीत हे लिहिताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. मूळ इंग्रजीत मेच्या निरोपात, आर्चरच्या उत्तरात आणि त्यावर डॅलसने केलेल्या शेऱ्यात, तिन्ही ठिकाणी 'आस्क' हे एकच क्रियापद आहे. पण त्याचे काम तिन्ही ठिकाणी सारखे नाही. पहिल्या दोहोंत ते मागणे किंवा विनवणे आहे. डॅलस हसत म्हणतो की तुम्ही दोघांनी एकमेकांना कधी काही विचारलेच नाही आणि सांगितलेही नाही. नुसते बसून एकमेकांच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज बांधत राहिलात. तिथे ते विचारणे आहे. इंग्रजीत मागण्यावरून विचारण्यावर तो नकळत घसरतो आणि वाचकही घसरतो. मराठी अनुवादकाला मात्र निवड करावी लागेल, आणि तसे करताच तो सांधा उघडा पडेल. त्या सांध्यातच तो सव्वीस वर्षांचा संसार आहे : विचारणे नाही, म्हणून मागणेही उच्चारले जात नाही.

आता अडचणींकडे वळतो, कारण हे अनुमान वाटते तितके निर्धोक नाही. मेचे शब्द आपल्यापर्यंत येतात ते मरणाच्या दारातील बाईकडून, उत्साही आणि थोड्या उथळ मुलामार्फत, तेही दोन वर्षांनी. 'मी मागितले तेव्हा' हे तिचेच शब्द कशावरून? डॅलसने आपल्या सोयीने वाक्य सुटसुटीत केले नसेल कशावरून? की मेनेच, मुलाला सांगायचे म्हणून, एका खोट्याला विनंतीचे रूप दिले? संहितेत याचा निकाल लागत नाही. पण या तिन्ही शक्यतांत एक गोष्ट समान राहते : तिला माहीत होते. एलन आर्चरला सर्वांत प्रिय होती आणि तो तिला सोडून राहिला, हे तिला शेवटपर्यंत ठाऊक होते. अनुमानाचा भक्कम भाग एवढाच. तिचा हेतू काय, तिला सल होता की समाधान, हा भाग ज्याचा त्याने आपापल्या जोखमीवर ठरवायचा. विद्यार्थ्यांना मी हल्ली एवढेच सांगतो की तुमच्या तर्काचा कोणता भाग सगळ्या शक्यतांत टिकतो तो आधी वेगळा काढा. उरलेला भाग लिहायला बंदी नाही, पण 'असावे' आणि 'आहे' यांत गल्लत करू नका.

आणि तिला माहीत होते एवढे धरले की आर्चरचा तो 'कल्पनाशक्तीचा अभाव' उलटा वाचावा लागतो. वर्षानुवर्षे जिच्यापासून घरातली माणसे आपली मते लपवीत होती, ती त्यांच्यापासून सर्वांत मोठी गोष्ट लपवून बसली होती. कोणाला दिसत नाही असे समजून आर्चर आपले दुःख जपत होता. ते दुसरे कोणी रोज पाहत होते. तो हे ऐकल्यावर रागावत नाही. कोणीतरी ओळखले होते, कणव केली होती, या जाणिवेने त्याच्या छातीवरचे जणू लोखंडी कडे सैल होते, आणि ते ओळखणारी आपली बायकोच होती याने तो हेलावून जातो. मला पूर्वी हा परिच्छेद भावविवश वाटत असे. आता त्यात एक कठोरपणाही दिसतो : हे कळायला मे मरावी लागली, आणि कळवायला तिसरा माणूस लागला.

तरुणपणी मी आर्चरच्या बाजूने ही कादंबरी वाचली, हे सांगायला हरकत नाही. तेव्हा ती सव्वीस वर्षे मला एका हुकलेल्या आयुष्याची वाटली. त्या रिकाम्या जागेत जे काही घालायचे ते मी एलनच्या संदर्भातच घालत होतो. रिक्त जागा वाचकाला मोकळीक देते असे आपण म्हणतो. पण वाचक ती जागा बहुधा ज्या पात्राच्या डोळ्यांनी पाहत आला त्याच्याच सामानाने भरतो. त्या विद्यार्थिनीने तसे केले नाही. संसारात दोन माणसे असतात एवढे लक्षात ठेवून तिने जागा भरली.

व्हॉर्टनची ही कादंबरी 1920 साली आली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला प्रूस्तने फ्लोबेरच्या शैलीवर लिहिताना 'सेंटिमेंटल एज्युकेशन'मधील एका कोऱ्या जागेला त्या कादंबरीतील सर्वांत सुंदर गोष्ट ठरवले होते. तिथे 1851 च्या डिसेंबरमधील रस्त्यावरच्या हत्येनंतर प्रकरण तुटते आणि नायकाची पुढची कितीतरी वर्षे काही ओळींत निघून जातात. व्हॉर्टन फ्रान्समध्ये राहत होती, फ्रेंच कादंबरी तिच्या ओळखीची होती. प्रभाव कोणाचा कोणावर, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटत नाही. फरक महत्त्वाचा वाटतो. फ्लोबेरच्या कोऱ्या जागेत काही दडलेले नाही. ती वर्षे खरोखरच पोकळ होती, आणि पोकळी हाच तिथला आशय आहे. तिथे शोध घेणारा वाचक फसतो. व्हॉर्टनच्या जागेत कोणीतरी बसलेले आहे. सगळे कालावकाश एकाच रीतीने वाचायचे नसतात, एवढे या दोन पुस्तकांकडे एकत्र पाहिले तरी कळते.

एलनच्या सव्वीस वर्षांचे काय? ती मात्र जवळपास संपूर्ण कोरी आहेत. शेवटी आर्चर तिच्या घरासमोरच्या बाकावर बसतो, डॅलसला एकट्याला वर पाठवतो आणि पाचव्या मजल्याच्या खिडकीकडे पाहत राहतो. वर काय चालले असेल हे तो मनाशी चित्रित करतो आणि त्याला जाणवते की वर जाण्यापेक्षा इथे बसूनच ते जास्त खरे आहे. तोही एक वाचकच आहे, आणि त्याने आपली जागा केव्हाच भरून टाकली आहे. मग एक नोकर बाहेर येऊन खिडकीची दारे लावतो. आर्चर उठून एकटाच हॉटेलकडे चालू लागतो.

ती उत्तरपत्रिका आता कुठे असेल कोण जाणे. अशा पत्रिका ठराविक मुदतीनंतर रद्दीत जातात. गुणपत्रकातील आकडा बदलता येत नाही, आणि ती मुलगी आता कुठे शिकवते की आणखी काही करते, ते मला माहीत नाही. वर्गात ती फारशी बोलत नसे. मीही कधी विचारले नव्हते.